शाळेतली जन्मतारीख

सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, वास आला की मला तंजावर राजवाड्याजवळचं ब्राउझिंग सेंटर आठवतं. तिन्हीसांजेला मालक संगणकांभोवतीही धूर फिरवायचा. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा निकाल ईमेलवर येणार होता आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकवून मी खातं बंद पाडलं होतं. नवा पासवर्ड हवा तर आधी जन्मतारीख आणि पिनकोड जुळायचे, मग गुप्त प्रश्न. माझी जन्मतारीखच जुळेना आणि दर काही चुकांनंतर दिवसभर थांबावं लागे. दुसऱ्या संध्याकाळीही हात हलवत परतले, तेव्हा आईनं विचारलं, "खातं उघडताना समोर काय होतं गे?" "दहावीचं सर्टिफिकेट." "मग त्यावरची तारीख टाक. लवकर शाळेत घालायला तुझ्या अप्पांनी तुला कागदावर चार महिन्यांनी मोठी केलीय." तिसऱ्या संध्याकाळी ती तारीख चालली. 'पहिली शाळा कोणती?' याचं उत्तरही जुळलं, नवा पासवर्ड मिळाला आणि खातं उघडलं. निकाल आला नव्हता, पण आता आला तर मला वाचता येणार होता. हल्ली मुलगा पासवर्ड विसरला की मी आधी विचारते, "खातं उघडलंस त्या दिवशी तुझ्यासमोर काय होतं?"