हरकतीची नक्कल

भाऊ वारला. त्याला लेकरू नव्हतं. त्याच्या दोन एकरांवर वहिनीचं नाव लावायचा अर्ज तलाठ्याकडं मीच नेऊन दिला. "नोटीस निघंल, पंधरा दिवस थांबायचं, मग नोंद. काळजी करू नका," असं तिला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात मंडळ अधिकाऱ्याच्या नावानं एक निनावी अर्ज पोस्टात टाकला. सदर बाई मयताची लग्नाची पत्नी असल्याची खात्री करावी. एवढंच. अक्षर डाव्या हातानं काढलं होतं.

ती बायको ठरली नसती, तर जमीन माझ्याकडं आली असती. विहीर सामाईक होती. उद्या तिचे भाऊ त्या विहिरीवर मोटर बसवतील, ही भीती मला होती. भीती म्हणतो. हाव म्हटलं तरी चालेल.

हरकत आली म्हणून फेरफार तक्रारी ठरला आणि मंडळ अधिकाऱ्यापुढं तारखा सुरू झाल्या. वहिनी माहेरच्या टोळीबरोबर ऊसतोडीला सांगलीकडं गेलेली. दर तारखेला कोयता ठेवून एसटीनं यायची. पहिल्यांदा साहेबांनी लग्नपत्रिका मागितली. ती पेटीच्या तळातून निघाली. मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला. तो आमच्याकडं कुणाचाच नाही. मग तिच्या शाळेचा, मग भावाच्या जन्माचा. दोनदा साहेब मीटिंगला. सातव्या तारखेला म्हणाले, कोर्टातून वारस दाखला आणा.

त्या दिवशी ती तहसीलमधून थेट माझ्या ओट्यावर आली.

"भावजी, हरकत कुणाची, ते सांगतच न्हाईत. 'आलाय एक अर्ज' म्हणतेत."

"असंल कुणीतरी."

"बांधावरचा शेजारी तर न्हाई? का तलाठीच मिळालाय त्याला?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिनं ठरवावं अशी. ती बांधावरच्याशी बोलायची बंद झाली. मी मात्र तिच्या प्रत्येक बोलण्यात खोच शोधू लागलो. चहा अर्धा ठेवला तरी वाटायचं, हिला कळलंय. साहेबाचाही संशय यायचा. तो वाट कशाची बघतोय? लिहिणारा कधीतरी पाकीट घेऊन भेटायला येईल याची?

"प्रांतसायबाला अर्ज लिहा," वहिनी म्हणाली. "तुमी शाळंत कारकून. तुमचा कागद लई सरळ असतोय."

लिहिला. तारखा ओळीनं घातल्या, प्रत्येकीपुढं मागितलेला कागद. लागणारी सगळी कागदपत्रं एकदाच लेखी कळवावीत आणि प्रकरण मुदतीत निकाली काढावं, अशी विनंती केली. तिनं तो स्वतः वाचला.

"हरकतीची नक्कल मागितली न्हाई."

"तिची काय गरज?"

"कावून न्हाई? माझ्या लग्नावर बोट ठिवलंय. बोट कुणाचं ते बघू द्या की."

मग तेही लिहिलं. स्वतःच्या हातानं, स्वतःविरुद्ध.

प्रांतांनी मंडळ अधिकाऱ्याचा खुलासा मागवला, फाइल बोलावून घेतली. काही दिवसांनी लेखी आदेश आला: निनावी अर्ज हरकत म्हणून धरता येत नाही, कोर्टाच्या दाखल्याचा आग्रह नको, स्थानिक चौकशी करून, नातेवाइकांचे जबाब घेऊन महिन्यात निर्णय द्यावा, अर्जदारास नक्कल द्यावी.

नक्कल घ्यायला तिच्याबरोबर मीच गेलो. साहेबांनी कागद टेबलावर सरकवला.

"घ्या बाई. आमच्या नावानं ओरडलात, आता हेबी वाचा. लिहिणारा मोठा शिस्तीचा दिसतोय. स्वतःचं नाव न्हाई, पण खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर'!"

बाहेर लिंबाखाली वहिनीनं पिशवीतून प्रांतांकडच्या अर्जाची पोचेचा शिक्का मारलेली प्रत काढली. तिच्याही तळाशी तीच ओळ होती. चोवीस वर्षं शाळेचा प्रत्येक कागद मी त्याच ओळीनं संपवत आलोय. डाव्या हातानं लिहितानाही ती सुटली नव्हती.

तिनं दोन्ही कागद शेजारी धरले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग घडी घालून पिशवीत ठेवले.

"नातेवाइकाचा जबाब लागतोय म्हणं," ती म्हणाली. "चला आत. तुमीच हाव की नातेवाईक."

कारकुनानं विचारलं, ही तुमच्या भावाची लग्नाची पत्नी का? मी म्हणालो, होय. मंडपात मी स्वतः होतो. त्यानं लिहून घेतलं, मी उजव्या हातानं सही केली. ती माझ्या हाताकडं बघत होती. निनावी अर्ज माझा, हे मात्र साहेबांपुढं तोंडातून निघालं नाही. त्यांना वरून ताकीद मिळाली असं ऐकलं. ती त्यांच्या वाट्याची होती. माझ्या वाट्याची मला कुणी दिली नाही.

नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. त्या सालापासून ती तोडीला जात नाही, विहिरीवर तिची पाळी तीन दिवसांची. बांधावरच्याच्या घरी जाऊन तिनं माफी मागितली, असं त्यानंच मला सांगितलं. कशाबद्दल, ते त्याला कळलं नव्हतं.

माझ्याशी ती बोलते. सणाला ताट येतं. फक्त काही लिहायचं असलं, की ती तहसीलच्या दारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडं जाते. माझ्या ओट्यावरूनच जाते.