वजा केलेलंच वजा केलं

मी वसमतला म्युच्युअल फंड विकतो. गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेसाठी तिसऱ्यांदा नांदेडला गेलो होतो. स्टँडर्ड डेव्हिएशनचे प्रश्न सुटले. मग कॅपएम या सूत्राचा आला: बिनजोखमीचा दर सहा टक्के, बीटा दीड, बाजाराचा रिस्क प्रीमियम आठ टक्के, शेअरचा अपेक्षित परतावा किती?

सूत्र तोंडपाठ होतं. बाजाराच्या परताव्यातून बिनजोखमीचा दर वजा करा, बीटानं गुणा, तोच दर मिळवा. आठातून सहा गेले, दोन उरले. त्याची दीडपट तीन, अधिक सहा, नऊ. पर्यायांत मेलं नऊ होतंच! पेपर संपताच पडद्यावर निकाल आला: एका गुणानं नापास.

घरी येऊन बॅग आपटली. रोज सकाळी माझ्याकडून सूत्रं म्हणवून घेणाऱ्या बायकोला प्रश्न सांगितला अन् म्हणालो, "पेपरवाल्यांनी फसवलं."

ती म्हणाली, "प्रीमियम म्हणजे बाजाराच्या परताव्यातून तो दर वजा करूनच उरलेलं, असं तुमीच सांगता नं? मग परत काहून वजा केलं? आठाची दीडपट बारा, अन् सहा, अठरा."

मला आणखीच राग आला. तीनदा परीक्षेला बसलो मी. प्रश्न नीट ऐकला तिनं, तोही एकदाच.