डॉक्टरांच्या नावाची स्लाइड

तेलाच्या कंपनीतली जाहिरात खात्यातली नोकरी सुटली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मला काम येत होतं ते एवढंच, म्हणून तेच घरून करायचं ठरवलं. मुलुंडमधल्या संभाव्य गिऱ्हाइकांची यादी केली: साड्यांचं दुकान, क्लासवाले सर, मिठाईवाले आणि आमचे डॉक्टर. पहिल्या तिघांनी "बघू" म्हटलं. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "लेखी द्याल का?"

त्यांचा पाय मोडून दवाखाना तीन महिने बंद होता. तेवढ्यात स्टेशनजवळ नवं पॉलिक्लिनिक निघालं आणि निम्मे पेशंट तिकडे गेले. संध्याकाळी बाकं रिकामी दिसायची. डॉक्टर म्हणाले, "दवाखाना चालू झालाय हे लोकांना कळवायला हवं. काय करता येईल, किती पडेल, ते लिहून आणा."

मी चार दिवस खपून पत्र तयार केलं आणि टायपिंगच्या क्लासमध्ये दोन कार्बन लावून टाइप करून घेतलं. त्यात असं होतं: पहिल्या शुक्रवारपासून थिएटरच्या पडद्यावर जाहिरातीची स्लाइड, चार आठवडे, रोज प्रत्येक खेळाला. पेपरवाल्याकडून अंकात घालून दोन हजार हँडबिलं. रिक्षा स्टँडवर दोन बोर्ड. गणपती मंडळाच्या स्मरणिकेत अर्धं पान. छपाई आणि जागांचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा. माझी फी महिना सहाशे रुपये, करार तीन महिन्यांचा, पहिला महिना आगाऊ. खाली स्लाइडचा मजकूर जोडला होता: डॉक्टरांचं नाव, वेळा आणि "मधुमेह, दमा, सांधेदुखीवर खात्रीचा इलाज. एकदा भेटा, फरक अनुभवा!"

तेल विकायची सवय हाताला होती. तेच लिहिलं गेलं.

शुक्रवारी साडेबाराला, सकाळचे पेशंट संपल्यावर, डॉक्टरांनी पत्र हातात घेतलं. मी समोर वही उघडून बसले. पहिलं पान त्यांनी शांतपणे वाचलं. दुसऱ्या पानावर त्यांचा चष्मा नाकावर खाली आला.

"हे कुणाला दाखवलंत?"

"का? कमी वाटतंय का?"

"बाई, मी लोकांना कळवा म्हटलं होतं. जाहिरात करा असं कुठे म्हटलं?"

मला फरक कळेना. तसं बोलूनही दाखवलं. रेल्वेच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत डॉक्टर लोकांची नावं असतात, असंही मी म्हणाले.

"ते कोण डॉक्टर असतात ते सोडा," ते म्हणाले. "मी एमबीबीएस आहे. मेडिकल कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे. दवाखाना नवीन उघडला, जागा बदलली, बाहेरगावी गेलो, परत आलो, एवढंच छापता येतं. तेही साधं, वेळ आणि पत्ता. हा 'खात्रीचा इलाज' पडद्यावर दिसला तर कुणीही तक्रार करेल. पॉलिक्लिनिकवाले तर पहिले. रजिस्ट्रेशन गेलं तर या खुर्चीत बसता येणार नाही मला. दोन मुली आहेत माझ्या."

"मी दुसरं पत्र करून आणते," मी म्हणाले. "साधं."

"आणा. आणि याच्या प्रती फाडून टाका."

प्रती म्हटल्यावर मला आठवलं. एक प्रत माझ्या फायलीत होती. दुसरी मी मंगळवारी स्लाइडवाल्याला दिली होती, दर काढायला. काम आधीच मार्गी लावून ठेवायची माझी पद्धत. डॉक्टरांना हे न सांगताच मी उठले.

स्लाइडवाल्याची खोली बाजारात एका जिन्याखाली होती. तो काचेच्या स्लाइडा करायचा आणि थिएटरच्या पडद्याचा ठेकाही त्याच्याकडेच होता.

"माझा कागद परत द्या," मी म्हटलं.

"कागद कशाला? लावली की स्लाइड! आज बाराच्या शोला."

"मी दर विचारला होता!"

"अहो ताई, पत्रात 'पहिल्या शुक्रवारपासून' लिहिलंय, खाली तुमची सही आहे. नवीन पिक्चर शुक्रवारी लागतो, मी म्हटलं, ताईंची घाई आहे. झकास झाली बघा, निळ्यावर पिवळी अक्षरं."

सव्वा वाजला होता. खेळाच्या सुरुवातीला एकदा दाखवून झाली होती, मध्यंतरात पुन्हा दाखवायची होती. स्लाइड काढा, अशी त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि रिक्षा केली.

थिएटरच्या दारावरचा माणूस म्हणाला, "तिकीट?" मी चिठ्ठी दाखवली. "मॅनेजर जेवायला गेलेत. केबिनमध्ये बाहेरच्याला सोडत नाय."

"मला सोडू नका. ही चिठ्ठी तेवढी वर द्या. आत्ता."

"आत्ता रीळ चालू हाय बाई. इंटरव्हलला देतो."

"इंटरव्हललाच तर नको आहे ना ती!"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, चिठ्ठी घेतली आणि आपल्या चालीने जिना चढायला लागला. मी पडदा सरकवून आत गेले. तेवढ्यात दिवे लागले. लोकांनी उठून आळस दिला, काही तसेच बसून राहिले. पडद्यावर सोनाराची स्लाइड आली. मग शिवणयंत्राची. मग निळ्यावर पिवळ्या अक्षरांत डॉक्टरांचं नाव, माझ्या साइनबोर्डी भाषेसकट. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, हे तर आपले डॉक्टर! पायाचं प्लास्टर निघालं वाटतं." मी मनात मोजत होते. सात, आठ. नवाला पडदा पांढरा झाला. वरून कुणीतरी हात घालून स्लाइड काढली असावी.

ती काच मी दारावरच्या माणसाकडून मागून घेतली आणि रुमालात गुंडाळून साडेपाचला दवाखान्यात गेले. रस्त्यात दोनदा वाटलं, सांगायचं कशाला? दोन वेळा दिसली, पुन्हा दिसणार नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर?

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती लोक होते?"

"निम्मं थिएटर."

त्यांनी काच दिव्यासमोर धरून एकदा वाचली. मग स्वतःच्या पॅडवरचा कोरा कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. "लिहून द्या. मजकूर तुमचा, मला न विचारता दिलात, मी नको म्हणताच बंद केलात. तारीख, सही."

हा कागद बाहेर आला तर मुलुंडात मला कोण काम देणार, हे मला दिसत होतं. तरी लिहिलं. तेवढंच खरं होतं आणि तेवढंच त्यांच्या उपयोगाचं होतं. स्लाइडवाल्याचा दोष त्यात घातला नाही. मंजूर न झालेला कागद मीच दिला होता.

तक्रार खरंच गेली. पाचव्या दिवशी डॉक्टरांना त्यांच्या स्थानिक संघटनेच्या वडीलधाऱ्यांनी बोलावल्याचं कंपाउंडरकडून कळलं. प्रकरण तिथेच थांबवायचं की वर कौन्सिलकडे न्यायचं, ते तेच ठरवणार होते. मी दुसरं पत्र करून ठेवलं होतं, चार ओळींची सूचना: दवाखाना पुन्हा सुरू, वेळ, पत्ता. ते घेऊन जायचा धीर होईना.

शेवटी गेले. कंपाउंडरने नंबराचं टोकन दिलं आणि बाकावर बसवलं. माझ्यापुढे सहा पेशंट होते. आत गेल्यावर डॉक्टरांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"मिटलं," ते म्हणाले. "तुमचा कागद वाचला त्यांनी. मला ताकीद दिली. तुमच्याबद्दल काय बोलले ते सांगत नाही."

मी चार ओळींचा कागद पुढे केला. ते वाचून म्हणाले, "हे आता मीच पेपरला देईन. तुम्ही नको." मग माझा हात घेऊन नाडी बघितली. "झोप लागत नाही ना?"

"नाही."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर कंपाउंडरने नेहमीचे दहा रुपये मागितले. मी दिले.