इन्शिराहची अठरा दिवसांची रजा

इजिप्तमधल्या महल्ला शहरातल्या सूतगिरणीत इन्शिराह बावीस वर्षं सूत कातायचे दोन साचे सांभाळत होती. वय एक्केचाळीस. घरी अभ्यास करून तिला शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा दाखला मिळवायचा होता. गेल्या वर्षीचा रजेचा अर्ज खात्याचा मुकादम, जॉबर हाजी बदावी, याच्या टेबलावर पडून राहिला आणि परीक्षा निघून गेली.

यंदा परीक्षा तेरा ते पंचवीस जून. तिनं शेजारच्या साच्यांवरच्या दोघींना फोनवर लिहिलं, "सहा तारखेपासून माझे साचे कोण बघेल?"

"पंधरापर्यंत मी," नादराचं उत्तर आलं. "पास झालीस तर ताटभर बसबूसा मिठाई खिलवायचीस, नापास झालीस तर दोन ताटं."

वगीदानं लिहिलं, "सोळापासून मी. फक्त एकवीसला नाही गं, अम्मीला डायलिसिसला न्यायचंय."

"एकवीस माझ्याकडे," नादरा म्हणाली. "पण धागे सांधून दमले तर शिव्या देणार."

इन्शिराहनं वहीचा कागद फाडला, शिव्या आणि बसबूसा गाळली. कोणती तारीख, कोण, कोणता साचा, एवढंच उतरवलं. सुट्टीचे दोन शुक्रवार वजा करून अठरा दिवस. वर्षाच्या तीस दिवसांच्या रजेतला एकही तिनं खर्चला नव्हता. खाली तिघींच्या सह्या. दोन प्रती.

वीस मेला ती हाजीसमोर उभी राहिली.

"या वयात शाळा? नातवंडांबरोबर बसणार का बाकावर?"

"जागा मिळाली तर बसेन, हाजी."

त्यानं कागदावर बोट ठेवलं. "वगीदा एकवीसला आईला नेते. मला विचार! तेव्हा साचे कोण, भुतं चालवणार?"

"एकवीसची ओळ वाचा."

त्यानं वाचली. बोट उचललं. "ठेव इथं. बघतो."

"नाही ठेवत."

"सहीशिवाय काय करशील?"

"परवानगी मागायला आले नाही मी, कळवायला आलेय. परीक्षेसाठी वार्षिक रजेची तारीख कामगारानं ठरवायची, पंधरा दिवस आधी कळवायचं, असा कायदा आहे. आज सतरा दिवस आहेत."

कागद उचलून ती सरळ कार्मिक कचेरीत गेली. कारकुनानं मान वर केली. "जॉबरची सही कुठाय?"

"तुम्ही आवक नोंदवा. त्यांना काय लिहायचं ते नंतर लिहू द्या."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग शिक्का उचलला. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक आणि तारीख पडली. एक प्रत तिनं छातीशी, कपड्याच्या आत ठेवली.

हाजी साच्यांच्या रांगेत आडवा आला. "परत आलीस की कोपऱ्यातले जुने साचे देतो तुला. मिनिटाला धागा तुटतो तिथं."

"द्या," ती म्हणाली. "पण सव्वीसच्या शुक्रवारी सुट्टी आहे. सत्तावीसला द्या."

आणि तुटलेला धागा सांधायला ती वाकली.