कुवेतच्या पैशांसाठी नम्र विनंती

भानुदासरावांचा आवाज चढलेला इंदापुरात कुणी ऐकलेला नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. समोर ठिणग्यांचा पाऊस पडत असतानाही शेजारच्याला म्हणायचे, "जरा बाजूला होता का, मेहरबानी हुईल."

पंच्याण्णव साली पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं कुवेतला वेल्डर हवेत म्हणून जाहिरात दिली. भानुदासराव गेले, दोन पट्ट्या जोडून दाखवल्या, पास झाले. "दीड महिन्यात व्हिसा," असं मॅनेजर म्हणाले. त्या भरवशावर यांनी कारखान्याचा राजीनामा दिला आणि फंडाच्या रकमेतले पस्तीस हजार पासपोर्टासकट मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. कुवेतहून परत आल्यावर तिथली कमाई आणि फंडातले उरलेले पैसे घालून इंदापुरात स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं, असा बेत होता.

चौदा महिने झाले. एसटीडी बूथवरून फोन केला की कन्सल्टन्सीतल्या बाई सांगायच्या, "साहेब मीटिंगला गेलेत." त्या मीटिंगमध्ये एवढ्या वेळात कुवेतसुद्धा बांधून झालं असतं. ताईबाई, म्हणजे भानुदासरावांच्या मंडळी, शेवटी म्हणाल्या, "कागद टाका एक. त्वांडानं काय व्हत न्हाय."

कागद टाकला; पण भानुदासरावांना एकच लिखाण ठाऊक. रजेचा अर्ज! मग पस्तीस हजारही त्यांनी रजेसारखेच मागितले: 'महोदय, सेवेशी नम्र विनंती की, नोकरी न मिळाल्याने रक्कम परत मिळावी.' एवढ्यावर थांबायचं. पण नुसतं मागणं बरं दिसत नाही, म्हणून खाली जोडलं: 'कुवेत शक्य नसल्यास अन्य देशाचाही विचार व्हावा. आपला आज्ञाधारक.'

चौदा महिने गप्प असलेली कन्सल्टन्सी आठ दिवसांत बोलली. 'आपल्या विनंतीनुसार आपले नाव मस्कतच्या यादीत घेतले आहे. नवीन फाइलचे सहा हजार रुपये त्वरित भरावेत.'

ते पत्र घेऊन भानुदासराव बारामतीला गेले. तिथं त्यांची पुतणी करुणा एका वकिलाकडे टायपिंग करते.

"काका, पैसे परत मागताय का दुसरा देश मागताय?"

"पैसेच की. दुसरं आपलं म्हणायचं म्हणून म्हणलं."

"त्यांनी ते फाइलला लावलं! पावती दाखवा."

पावतीवर नोकरीचा उल्लेखच नव्हता. 'सल्ला व कागदपत्रे' एवढंच. करुणानं कपाळावर हात मारला आणि मशीनमध्ये कागद घातला. पावतीचा नंबर, तारीख, काय कबूल केलं होतं ते, चौदा महिन्यांत काय मिळालं ते: काहीही नाही. मस्कत नको, तो उल्लेख रद्द समजावा. पासपोर्ट ठेवून घ्यायचा तुम्हाला हक्क नाही. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम आणि पासपोर्ट द्या. नाहीतर परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी मुंबईत सरकारचं कार्यालय आहे तिथं, आणि पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार करू.

"एखादं 'कृपया' टाक गं," भानुदासराव कळवळून म्हणाले.

"'कृपया'नंच मस्कतला निघाला होता तुमी."

पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं, पोचपावती परत आली आणि तेराव्या दिवशी पुण्याचं बोलावणं. करुणाही काकांबरोबर गेली. मॅनेजर आता मीटिंगमध्ये नव्हते. त्यांनी पासपोर्ट आणि वीस हजार टेबलावर ठेवले. बाकीचा सर्व्हिस चार्ज, म्हणाले. आणि 'संपूर्ण हिशेब मिटला, तक्रार नाही' असा कागद सहीसाठी पुढे सरकवला.

भानुदासरावांनी पेन काढलं. करुणा कागदावर वाकून बघू लागली. काकांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'वीस हजार मिळाले. पंधरा हजार येणे.'

मॅनेजर भडकले. "असं चालायचं नाही! सही करा, नाहीतर एक पैसा मिळणार नाही!"

"मग न्हाय," भानुदासराव म्हणाले, आणि पासपोर्ट तेवढा उचलून खिशात घातला. "हा माझा हाय."

तिथून दोघं थेट ग्राहक मंचात गेली. कारकुनानं सांगितलं, फी काही लागत नाही. भानुदासरावांनी घाबरून करुणाला बाजूला घेतलं. "पैसं न घेता करत्यात? फसवत तर न्हाईत?"

संध्याकाळी ताईबाई दारातच उभ्या होत्या.

"मिळालं?"

"पासपोर्ट मिळाला."

"त्यो काय तव्यावर टाकू? वीस हजार सोडून आलात व्हय?"

"पस्तीस हायत, ताईबाई. वीस घेऊन सही केली असती तर पंधरा कायमचं गेलं असतं. तारीख तीन महिन्यांनी हाय."

ताईबाईंनी पासपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांना ते पटलं होतं की नव्हतं, देव जाणे. मग म्हणाल्या, "आन् तवर?"

तोवर माळेगावला गेणू नावाच्या एका ओळखीच्या वेल्डरच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या जोडायचं काम होतं, रोजंदारीवर, दुसऱ्याच्या मशीनवर. बावीस वर्षांच्या वेल्डरनं सकाळी सातची एसटी धरली.