कारणाचा रकाना

कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत लिंबाजींनी बत्तीस वर्षं पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या पेटलेल्या दिवसांत वस्तीतल्या लोकांनी अडवलं, तरी हा माणूस आडवाटेनं जाऊन पर्जन्यमापक बघून आला होता. एकदा एका सहायकाने घरबसल्या पावसाचा आकडा भरला. कोरड्या मापकावरून लिंबाजींनी तो पकडला आणि पुढं दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर ते परभणीतल्या एका शेअर दलालाच्या कचेरीत बसू लागले. तिथं डॉलरच्या वायद्याचे सौदे होत. एक लॉट हजार डॉलरचा. भाव दहा पैसे हलला की लॉटमागे शंभर रुपये इकडचे तिकडे. लिंबाजी पाच लॉट घेत आणि दहा पैशांवर स्टॉप लावत, म्हणजे तेवढा तोटा झाला की सौदा आपोआप तुटे. ऑर्डर तोंडी सांगायची. संगणकावर ती टाकायची सत्यशीला. तिशीतली, घरातली एकटी कमावती, सगळ्यांना काका म्हणणारी.

शेजारच्या खुर्चीतले व्यंकटराव एकदा कानाशी लागले. "लिंबाजी, तुमचा स्टॉप उडतो अन् भाव वापस फिरतो. दरवेळेस? ही पोरगी कुणाला तरी सांगायलीय तुमचा स्टॉप."

"तिचा काय फायदा?"

"फायदा असल्याशिवाय कुणी इतकं गोड बोलतंय व्हय?"

ते मनात रुतलं. त्या दिवसापासून लिंबाजींना तिचं हसणं वेगळं दिसू लागलं, फोन उचलणंही. त्यांनी वही सुरू केली: वेळ, भाव, लॉट, सौद्याचं कारण, निकाल. शेवटचा रकाना होता, 'टर्मिनलवर कोण', म्हणजे ऑर्डर टाकायला संगणकावर कोण होतं. चार महिने वही भरली. मग त्यांनी मालकाच्या नावे तक्रार लिहिली. ती दिली की सत्यशीलाची नोकरी जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच पुरावा पक्का हवा होता.

"बाई, माझ्या चार महिन्यांच्या सौद्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा छापून द्या," ते म्हणाले.

"देते की काका. वेळा बी हायत त्यात, सेकंदासगट."

तिनं गठ्ठा हातात ठेवला. एवढी निर्धास्त कशी? लिंबाजींचा संशय आणखी वाढला.

घरी दुपारी ते वही आणि नोटा जुळवायला बसले. आधी शेवटचा रकाना. सत्यशीला माहेरी गेली होती त्या नऊ दिवसांत मशीनवर मालक स्वतः होते. स्टॉप तेव्हाही तेवढेच उडाले होते. लिंबाजींनी पुन्हा मोजलं. तेच.

मग वेळा. नोटेवर एका ऑर्डरची वेळ ११:४२, वहीत ११:३०. दुसरीकडे नोटेत २:१७, वहीत २:००. असे कितीतरी. आणि या सगळ्या ओळी दिवसातल्या दुसऱ्या सौद्याच्या होत्या. पहिला तोट्यात तुटल्यावर वीस मिनिटांच्या आत घेतलेल्या, पाचाऐवजी दहा लॉटच्या. पहिल्या सौद्यांची कारणं नेमकी होती: 'काल दुपारपासून भाव चोपन्न पन्नासच्या खाली गेला नाही.' दुसऱ्यांची? 'आता वळेल.' 'वळायलाच पाहिजे.' बावीसपैकी एकोणीस बुडाले होते. पहिल्या सौद्यांचा हिशेब जवळजवळ बरोबरीत होता. सगळा तोटा या बावीस ओळींत.

वहीतल्या वेळा अशा ठोकळ का, तेही त्यांना कळलं. त्या ओळी निकालानंतर, अंदाजाने भरल्या होत्या.

"कस्तुरे," त्यांनी बायकोला हाक मारली, "मी घरबसल्या पाऊस लिवला गं."

कस्तुराबाई शेंगा फोडत होत्या. "मंग पहिला संशय कुणावर घ्यायचा होता?" वर न बघता त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव दारातच भेटले. "दिली का तक्रार?"

"न्हाई. चोर सापडलाय, पण तिथं न्हाई."

"म्हंजे तुमाला बी फितवलं तिनं!" व्यंकटराव खुर्ची ओढून लांब बसले.

लिंबाजींनी तक्रारीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'पहिला सौदा तोट्यात तुटला की त्या दिवशी दुसरी ऑर्डर नाही.' खाली सही करून तो सत्यशीलाला दिला.

"काका, ऑर्डर नाकारता न्हाई येत मला. कागद तेवढा दाखवीन." मग तिनं तो उलटवला. आपलं नाव वाचलं. चेहरा उतरला.

"मला इचारायचं तरी होतं."

"चुकलं," लिंबाजी म्हणाले.

आठवड्याने बारा वाजता त्यांचा स्टॉप उडाला. लिंबाजी उठून तिच्या मेजाशी आले. "दहा लॉट..."

सत्यशीलाने तो कागद पुढं सरकवला, तक्रारीची बाजू वर ठेवून. तिला दोन्ही बाजू पाठ होत्या, लिंबाजींनाही. ते जागेवर परत गेले, वही उघडली, घड्याळात बघून १२:०४ लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात: 'सौदा घेतला नाही. हात शिवशिवत होता.'