शंभर लिटरचं अरबी

लॉकडाउनमध्ये मला चौदा दिवस ब्लॅकटाउनच्या घरात कोंडलं. क्लोज कॉन्टॅक्ट! एरवी भाजीच्या फार्मवर फवारणीची जबाबदारी माझी, औषध माझ्यासमोर कालवलं जायचं. आता शेडमध्ये खाला एकटी. खाला म्हणजे आमची इराकी कामगार, माझ्या आईच्या वयाची. फवारणीचं ट्रेनिंग घेतलेली, हात पक्का, पण इंग्रजी वाचता येत नाही.

नेहमीची पावडर संपली होती. तिने नव्या पिशवीच्या लेबलचा फोटो पाठवला. मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर माझ्या डाव्या हातचा मळ! ॲपमधून अरबी केलं, वर शेजारच्या लेबनीज फार्मसिस्टकडून फोनवर तपासून घेतलं. हातमोजे, गॉगल, फिल्टरचा मास्क. फवारल्यावर तीन दिवस काढणी नाही. शंभर लिटर पाण्याला साठ ग्रॅम. शेजारीण म्हणाली, "परफेक्ट." मी खुशीत पाठवून दिलं आणि झूम मीटिंगला बसले.

दहा मिनिटांत खालाचा फोटो आला. हातमोजे, गॉगल, मास्क, सगळं जागच्या जागी. वा! मग बाजूला वजनकाटा दिसला. त्यावर साठ. आणि काट्यामागे तिचा पाठीवरचा पंप, पंधरा लिटरचा.

ते साठ ग्रॅम त्या पंपात गेले असते तर काकडीची कोवळी रोपं करपली असती, आणि सात पट जहाल फवारा तिच्याच अंगावर उडाला असता. मी मीटिंग म्यूट करून व्हिडिओ कॉल लावला. "खाला, स्टॉप! ओतू नको!" घाबरून मराठीच निघालं. ती थांबली.

मी तिला शंभर लिटरबद्दल विचारलं. तिने पंप थोपटला आणि तुटक इंग्रजीत म्हणाली, "हंड्रेड कुठे आहे? माझ्याकडे हा एक."

चूक तिची नव्हतीच. मी पिशवीचं भाषांतर केलं होतं, तिच्या पंपाचं नाही. इतकी वर्षं पंधरा लिटरचा हिशेब मीच तोंडी करून द्यायचे, आणि तोच लिहायचा विसरले. शहाणी कुठली!

पुन्हा लिहिलं: एक पंप, पंधराच्या खुणेपर्यंत पाणी, नऊ ग्रॅम. शेजारणीने पुन्हा वाचलं. जाता जाता तिच्याकडून एक शब्दही शिकून घेतला. खालाला सांगितलं, काट्याचा फोटो पाठव, मी सांगेपर्यंत ओतायचं नाही.

मीटिंगमध्ये परतले तर मॅनेजरने मलाच काहीतरी विचारलं. मी अनम्यूट केलं आणि तेवढ्यात फोटो आला. काट्यावर नऊ. फोन उचलून मी ओरडले, "सुब्बी, खाला! सुब्बी!"

म्हणजे ओत. अख्ख्या मीटिंगने ऐकलं, आणि खालाने ओतलं.